‘ओ’ गटाची एकही पिशवी जुळत नाही, तेव्हा

शस्त्रक्रिया दोन दिवसांवर आली आहे. रुग्णाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, रक्तपेढीत ओ पॉझिटिव्हच्या पिशव्याही भरपूर. तरी संध्याकाळी निरोप येतो की क्रॉस-मॅच जुळत नाही. दुसरी पिशवी लावून पाहिली, तिसरी पाहिली, तीच गत. अशा वेळी नातेवाईक बहुतेक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर दुसऱ्या रक्तपेढीकडे धाव घेतात, नाहीतर ओळखीतल्या दहा ओ गटवाल्यांना फोन लावतात. दोन्हींत वेळ जातो, कारण अडचण पिशव्यांची नसते. अशा काही रुग्णांच्या बाबतीत अडचण खुद्द ‘ओ’ या नोंदीचीच असते. कार्डावर ओ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात रक्तगट बॉम्बे असतो.

हा गट मुंबईतच सापडला, म्हणून त्याला हे नाव पडलं. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर ओ गटाचे दिसणारे असे रुग्ण आले, ज्यांना कुणाचंच रक्त जुळेना, ओ गटाचंही नाही. त्यावरचा त्यांचा निबंध 1952 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याचा असतो, आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा, आणि पश्चिम व दक्षिण भारतात तो जास्त आढळतो. म्हणून महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या रक्तपेढीसमोर तो कधी ना कधी येतोच.

नेहमीच्या तपासणीत तो सुटतो कसा, हे आधी पाहू. रक्तगट तपासताना रुग्णाच्या लाल पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी ही द्रव्यं टाकतात. ए ला पेशी चिकटून गुच्छ झाले तर ए, बी ला झाले तर बी, दोन्हीला झाले तर एबी, आणि कशालाच काही झालं नाही की ओ. म्हणजे ए नाही आणि बी नाही, एवढ्यावरून ओ ठरतो. पेशीवर ओ नावाचं काही असतं म्हणून तो ठरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर एच नावाची एक शर्करेची साखळी असते. घराच्या जोत्यासारखी ती आधी तयार व्हावी लागते आणि तिच्यावर ए किंवा बी चढतात. ओ गटाच्या माणसात जोतं असतं, वरचं बांधकाम नसतं. बॉम्बे गटाच्या माणसात जोतंच नसतं. ते घडवणारं जनुक आईकडूनही बिघडलेलं आलेलं असतं आणि वडिलांकडूनही. मग त्याच्या अंगात ए किंवा बी चं जनुक असलं तरी ते चढणार कशावर? अँटी-ए आणि अँटी-बी दोन्हींना त्याच्या पेशी गप्प राहतात आणि तपासणारा ‘ओ’ लिहून मोकळा होतो.

आता त्याच्या रक्तद्रवाकडे पाहा. आपल्याकडे जे नसतं त्याच्या विरोधातली प्रतिद्रव्यं शरीर जन्मानंतर काही महिन्यांतच आपणहून तयार करतं. ओ गटाच्या माणसात ती ए आणि बी विरुद्ध असतात. बॉम्बे गटाच्या माणसात ती ए, बी आणि शिवाय एच विरुद्धही असतात. एच सर्वांत जास्त असतो तो ओ गटाच्या पेशींवर. त्यामुळे ज्या ओ रक्ताला लोक ‘सर्वांना चालणारं’ म्हणतात, तेच या रुग्णाला सर्वांत घातक. ही प्रतिद्रव्यं शरीराच्या तापमानालाही जोरदार काम करतात आणि आलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फोडतात. ओ निगेटिव्हचीही तीच कथा, कारण निगेटिव्ह-पॉझिटिव्ह हा आर.एच. चा भाग झाला, एच तर त्या पेशींवर आहेच.

एक रुग्ण डोळ्यांपुढे ठेवू. तिला सुनंदाताई म्हणू. वय अडतीस, वजन 52 किलो, गर्भाशयात गाठी, पाळीला अतिरक्तस्राव, हिमोग्लोबिन 8.4. गर्भाशय काढायचं ठरलं आणि दोन पिशव्यांची मागणी रक्तपेढीत गेली. हातात जुनं कार्ड होतं, दोन बाळंतपणांतलं, ओ पॉझिटिव्ह. दोन्ही बाळंतपणांत रक्त लागलं नव्हतं, म्हणून प्रश्न कधी उभाच राहिला नाही.

रक्तपेढीत तंत्रज्ञ रुग्णाचा रक्तद्रव आणि पिशवीतल्या लाल पेशी जेल कार्डाच्या छोट्या नळीत एकत्र करतो, 37 अंशांवर ठेवतो आणि मग यंत्रात फिरवतो. जुळलं तर पेशी जेलमधून सुटून तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात. न जुळलं तर एकमेकींना चिकटून वरच लाल पट्टा धरतात. सुनंदाताईंच्या कार्डावर सगळ्या नळ्यांत वरच पट्टा होता. साध्या काचेच्या नळीत करून पाहिलं तर वरचा द्रव गुलाबी झाला, म्हणजे पेशी नुसत्या चिकटल्या नाहीत, फुटल्याही.

इथे तंत्रज्ञाने एकच गोष्ट आधी पाहायची असते आणि नातेवाइकांनीही तीच आधी विचारावी: “ऑटो कंट्रोल काय आला?” म्हणजे रुग्णाचा स्वतःचा रक्तद्रव आणि त्याच्याच स्वतःच्या पेशी एकत्र केल्यावर काय झालं. तिथेही पेशी चिकटल्या तर गोष्ट वेगळी आहे. स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं असतील, थंडीत चिकटवणारी प्रतिद्रव्यं असतील, काही औषधांचा परिणाम असेल. पण ऑटो कंट्रोल स्वच्छ आहे आणि बाहेरच्या सगळ्या पेशी मात्र चिकटतात, असं असलं तर या माणसाकडे जवळपास सगळ्या जगाकडे असलेली एखादी गोष्ट नाही, हे उघड होतं. अनेकदा रक्त घेतलेल्या किंवा बाळंतपणं झालेल्या रुग्णांतही प्रतिद्रव्यं तयार होतात आणि पिशव्या जुळत नाहीत, पण तिथे बहुधा दहातल्या काही पिशव्या जुळतात. सगळ्याच्या सगळ्या आणि इतक्या जोरात नाकारल्या जाणं हे वेगळं लक्षण आहे.

दुसरा प्रश्न उलट गटतपासणीचा, म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंगचा. यात रुग्णाच्या रक्तद्रवात ए गटाच्या, बी गटाच्या आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशी टाकतात. ओ गटाच्या माणसाचा द्रव ए आणि बी ला चिकटवतो, ओ ला नाही. बॉम्बे गटाचा द्रव तिन्हींना चिकटवतो. ही तिसरी नळी काही ठिकाणी कंटाळा करून लावतच नाहीत, आणि माझ्या मते ही फार मोठी चूक आहे. त्या एका नळीने हा गट क्रॉस-मॅचची वेळ येण्याआधीच, वर्षानुवर्षं आधी सापडू शकतो. शिबिरात, गावच्या प्रयोगशाळेत किंवा लग्नाआधीच्या तपासणीत स्लाइडवर दोन थेंब टाकून ठरवलेला गट हा अंदाज समजावा, पक्का गट नव्हे.

तिसरी आणि निर्णायक तपासणी अँटी-एच ची. यूलेक्स नावाच्या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांपासून हे द्रव्य काढतात. ओ गटाच्या पेशींवर ते टाकलं की क्षणात गुच्छ दिसतात. सुनंदाताईंच्या पेशींवर टाकलं, शेजारी तुलनेसाठी साध्या ओ गटाच्या पेशींवरही टाकलं. शेजारच्या पेशी चिकटल्या, त्यांच्या मोकळ्या राहिल्या. तिथे निदान झालं. त्यावर शिक्कामोर्तब करायचं तर त्यांचा रक्तद्रव दुसऱ्या सिद्ध बॉम्बे माणसाच्या पेशींशी लावतात, तो जुळतो. एच चा अंश अगदी पुसटसा शिल्लक राहणारा ‘पॅराबॉम्बे’ नावाचा भाऊबंद प्रकारही आहे. त्यातलं प्रतिद्रव्य बहुधा दुबळं असतं आणि लाळेच्या तपासणीने तो वेगळा काढता येतो. त्या रुग्णांना काय द्यायचं हे रक्तसंक्रमणतज्ज्ञ प्रत्येकाचं पाहून ठरवतात, म्हणून अहवालात यांतला कोणता प्रकार आहे हे स्पष्ट लिहून घ्यावं.

अँटी-एच प्रत्येक रक्तपेढीत नसतं. तेव्हा नमुना मोठ्या केंद्रात पाठवायचा. के.ई.एम. च्याच आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्तशास्त्र संस्था आहे. दुर्मिळ गटांची खात्री करणं आणि अशा दात्यांची नोंद ठेवणं हे तिथलं काम. नमुना पाठवताना दोन नळ्या द्याव्या लागतात, एक साधी आणि एक गोठू न देणारी, आणि सोबत पूर्वी कधी रक्त घेतलंय का, बाळंतपणं किती, कोणती औषधं चालू, हे लिहून द्यावं. नमुना रुग्णाला कोणतंही रक्त चढवण्याआधीच काढलेला हवा. एकदा परकं रक्त शिरलं की पेशींची सरमिसळ होते आणि निदान अवघड होऊन बसतं.

निदान होईपर्यंत रुग्णालयात सर्वांत जास्त दबाव असतो तो “कमीत कमी न जुळणारी पिशवी द्या” याचा. काही प्रतिद्रव्यांच्या बाबतीत तज्ज्ञ तसा निर्णय विचारपूर्वक घेतात. बॉम्बे गटाच्या बाबतीत तो मार्ग बंद समजा. कुठे चुकून दिलं गेलंच, तर पहिल्या काही मिनिटांतच हुडहुडी, ताप, कंबरदुखी, छातीत दाटणं सुरू होतं आणि लघवी तांबडी किंवा कोकच्या रंगाची होते. भूल दिलेला रुग्ण हे सांगू शकत नाही. तिथे रक्तदाब कारण नसताना घसरतो, जखमेतून रक्त झिरपत राहतं, लघवीच्या पिशवीतला रंग बदलतो. लगेच रक्त थांबवावं, सुई काढू नये, त्याच शिरेतून सलाईन चालू ठेवावं आणि उरलेली पिशवी रक्तपेढीकडे परत पाठवावी.

सुनंदाताईंची शस्त्रक्रिया तातडीची नव्हती. म्हणून डॉक्टरांनी सर्वांत शहाणपणाचा निर्णय घेतला आणि ती पुढे ढकलली. गोळ्यांनी रक्तस्राव थांबवला आणि शिरेतून लोह दिलं. पाच आठवड्यांत हिमोग्लोबिन 8.4 वरून 11.4 वर आलं. एक पिशवी रक्त चढवलं तर मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण 1 ने वाढतं. म्हणजे ज्या तीन पिशव्या कुठेच मिळाल्या नसत्या, तेवढं रक्त त्यांच्या हाडांनी स्वतः तयार केलं. दुर्मिळ गटाच्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी महिनाभराचा अवधी मिळत असेल तर तो असा वापरावा. ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल द्यायचं का, सांडलेलं रक्त गोळा करून धुऊन परत देणारं यंत्र त्या रुग्णालयात आहे का, हेही आधीच बोलून ठेवायचं असतं. ते यंत्र नसेल आणि रक्तस्राव मोठा अपेक्षित असेल, तर रुग्णालय बदलण्याचं ते खरं कारण आहे.

या पाच आठवड्यांत दुसरं काम घरात चालू होतं. पहिला शोध सख्ख्या भावंडांत घ्यायचा. आई आणि वडील दोघेही एकेक बिघडलेलं जनुक बाळगून असतात, म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडाला बॉम्बे गट असण्याची शक्यता चारांत एक. दहा हजारांत एकाशी ताडून पाहा, म्हणजे घर सोडून बाहेर शोधत फिरणं किती उलटं आहे ते कळेल. आई-वडील स्वतः बहुधा नेहमीच्या गटांचे असतात. मुलांमध्येही हा गट क्वचितच येतो, जोडीदाराकडेही तेच जनुक असेल तरच. ते तसं असण्याची शक्यता नात्यातल्या लग्नांत वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होत आली आहेत, त्यामुळे काही घराण्यांत एकाहून जास्त बॉम्बे गटवाले सापडतात. भावंडांची तपासणी अँटी-एच ने करून घ्यावी. “आम्ही सगळे ओ च आहोत” हे उत्तर इथे चालत नाही, कारण त्या ओ मध्येच कुणीतरी लपलेलं असू शकतं.

सुनंदाताईंच्या दोन भावांपैकी धाकटा बॉम्बे पॉझिटिव्ह निघाला. त्याच वेळी घरात एक वेगळीच कुजबुज सुरू झाली. त्याची बायको ओ गटाची, तो स्वतः कार्डावर ओ गटाचा आणि मुलगी मात्र बी. ओ आणि ओ यांच्या पोटी बी कसं, हा प्रश्न त्या घरात कधीचा दबून होता. उत्तर सोपं आहे. बापाकडे बी चं जनुक होतं, फक्त ते चढायला जोतं नव्हतं. मुलीला आईकडून चांगलं एच जनुक मिळालं आणि बापाचं बी तिच्यात उघड दिसलं. रक्तगटाच्या कार्डावरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. शंका असेल तर आधी बापाचा अँटी-एच करावा.

भावाचं रक्त शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी घेतलं, 350 मिलि. बॉम्बेला बॉम्बे चालतं, पण आर.एच. जुळावाच लागतो आणि क्रॉस-मॅच करावाच लागतो. शिवाय जवळच्या नातेवाइकाच्या रक्तात आणखी एक धोका असतो. त्यातल्या जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथेच तग धरतात आणि रुग्णावर उलटू शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर रुग्ण बहुधा वाचत नाही. म्हणून सख्ख्यांची पिशवी चढवण्याआधी तिच्यावर किरणोत्सर्गाचा मारा करून घ्यावा लागतो. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून आधी विचारून ठेवावं. आणि हे काम अगदी देण्याच्या वेळी करावं. मारा झालेल्या पेशींतून पोटॅशियम लवकर गळू लागतं आणि पिशवीचं आयुष्य कमी होतं. आधीच करून ठेवलं आणि पिशवी लागली नाही, तर दुसऱ्या बॉम्बे रुग्णाला ती वेळेत देणं अवघड होतं.

स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवण्याचा विचारही झाला होता. तो मार्ग चांगला आहे, पण त्यासाठी हिमोग्लोबिन किमान 11 लागतं आणि शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या किमान 72 तास आधी काढावी लागते. सुनंदाताई नुकत्याच 11.4 वर पोचल्या होत्या. त्यांचं रक्त काढलं असतं तर शस्त्रक्रियेला त्या पुन्हा दहाच्या आसपास आल्या असत्या. भाऊ मिळाला होता, म्हणून तो विचार सोडला. पाठीच्या किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेला येणारा, 13-14 हिमोग्लोबिनचा तरुण रुग्ण असेल, तर हाच मार्ग आधी सुचवावा.

भावंडांत कुणी सापडलं नाही तर नोंदणीकडे वळायचं. मुंबईच्या संस्थेकडे दात्यांची नोंद असते. बंगळुरूची संकल्प इंडिया फाउंडेशन बॉम्बे गटाच्या दात्यांना आणि रुग्णांना जोडण्याचं काम देशभर करते. विनंती रुग्णालयाच्या किंवा रक्तपेढीच्या लेटरहेडवर, अँटी-एच च्या अहवालासकट पाठवावी. व्हॉट्सअॅपवर “ओ निगेटिव्ह तातडीने हवं” असा संदेश फिरवला तर चुकीची माणसं दारात येतात आणि खरा दाता कळतच नाही, कारण तोही स्वतःला ओ पॉझिटिव्ह समजत असतो. बऱ्याचदा दाता शेकडो किलोमीटरवर असतो. तिथे त्याचं रक्त घेऊन, सगळ्या सक्तीच्या तपासण्या करून, शीतपेटीतून पिशवी आणणं हेच व्यवहार्य असतं. याला दीड-दोन दिवस धरून चालावं आणि शस्त्रक्रियेची तारीख पिशवी रुग्णालयात पोचल्यावरच पक्की करावी.

अपघातात किंवा बाळंतपणातल्या रक्तस्रावात हा सगळा अवधी मिळत नाही. तिथे रक्तस्राव थांबवण्याचे उपाय लवकर आणि आक्रमकपणे करणं, सलाईनने रक्ताभिसरण टिकवणं, ऑक्सिजन देणं, आणि नोंदणीला पहिल्याच मिनिटाला फोन करणं एवढंच हातात राहतं. म्हणून बॉम्बे गटाच्या गरोदर बाईने सातव्या महिन्याच्या आत रक्तपेढीशी बोलून ठेवावं. बाळाला सहसा धोका नसतो, कारण तिच्यातली प्रतिद्रव्यं बहुतांशी आकाराने मोठी असतात आणि वार ओलांडत नाहीत. धोका आईला असतो, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा. लोह नियमित घेणं, हिमोग्लोबिन 11 च्या वर ठेवणं आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच नाव घालणं हे तिच्यासाठी इतरांपेक्षा जास्त गरजेचं.

सुनंदाताईंना शस्त्रक्रियेत रक्त लागलं नाही. चौथ्या दिवशी हिमोग्लोबिन 9.8 होतं आणि त्या घरी गेल्या. भावाची पिशवी रक्तपेढीतच राहिली आणि तिची माहिती नोंदणीकडे कळवली. लाल पेशींची पिशवी टिकवणाऱ्या द्रावणानुसार 35 ते 42 दिवस चालते. ग्लिसरॉल घालून उणे 65 अंशांखाली गोठवली तर दहा वर्षं. पण गोठवण्याची सोय मोजक्या ठिकाणी आहे आणि ती रक्त घेतल्यापासून काही दिवसांतच करावी लागते, म्हणून तसा विचार असेल तर रक्त देण्याआधीच सांगावं.

अशा घराने पुढे काय करायचं? दोघांचीही जुनी कार्डं बाद करून नवीन घ्यायची. त्यांवर ‘बॉम्बे, आर.एच. पॉझिटिव्ह, फक्त बॉम्बे रक्तच द्यावे’ असं ठळक लिहून घ्यायचं, आणि ड्रायव्हिंग लायसन्स, ऑफिसचं ओळखपत्र, फोनमधली तातडीची माहिती, जिथे जिथे ओ लिहिलंय तिथे बदल करायचा. भावाने यापुढे शिबिरात जाऊन रक्त देऊ नये. तिथे ते ओ म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं जाईल आणि ज्याला खरोखर हवं त्याच्यापर्यंत पोचणार नाही. शिवाय त्याने रक्त दिलं की पुढचे तीन महिने, आणि बाईने दिलं तर चार महिने, दुसऱ्या कुणाला ते देता येत नाही. त्याने नोंदणीत नाव घालावं, फोन नंबर किंवा गाव बदललं की कळवावं, आणि बोलावणं आल्यावरच द्यावं.